गोळीच्या पाकिटातला घडीचा कागद कसा वाचायचा: आयबुप्रोफेनच्या एका पाकिटावरून

मागे एकदा रात्री साडेनऊला मावशीचा मेसेज आला, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणि खाली "गुडघा फार ठणकतोय गं, ही घेऊ का? शेजारच्या वहिनींना लगेच फरक पडला म्हणे". पाकिटावर लिहिलेलं आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम. मी म्हटलं आत घडी केलेला कागद असेल तो काढ, तर म्हणाली, "काढला होता, पण मुंगीएवढी अक्षरं आणि वाचलं तर वाटतं विषच गिळतेय, म्हणून परत कोंबला आत."

मी औषधांच्या काउंटरवर बरीच वर्षं काम करतेय आणि हे असंच चालतं. एक तर कागद पाकिटाबरोबर केराच्या डब्यात जातो, नाहीतर माणूस थेट साइड इफेक्टची यादी वाचतो, घाबरतो आणि डॉक्टरांनी दिलेली चांगली गोळीसुद्धा बंद करतो. दोन्ही चूक. त्या रात्री मावशीला फोनवर धरून पाऊण तास तो कागद वाचून घेतला, तेच इथे क्रमाने लिहिते. उदाहरण आयबुप्रोफेनचं आहे कारण ही गोळी सगळ्यांना ओळखीची आणि साधी वाटते, आणि तिच्या कागदात बघण्यासारखं भरपूर असतं.

आधी एक सांगते, हे कागद दोन प्रकारचे असतात. एक पेशंटसाठी लिहिलेला, त्यात "ही गोळी घेण्याआधी", "कशी घ्यायची" असे साधे मथळे असतात. दुसरा डॉक्टरांसाठी लिहिलेला, त्यात इंडिकेशन्स, कॉन्ट्राइंडिकेशन्स, ड्रग इंटरॲक्शन्स, ॲडव्हर्स रिॲक्शन्स असे मथळे. माल साधारण तोच, भाषा वेगळी. दुसरा हातात पडला तर दचकू नका, मथळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

पायरी १: कागद उघडायच्या आधी स्वतःची चिठ्ठी लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग कागद वाचून काहीच हाती लागत नाही. कागद गोळीबद्दल लिहिलेला असतो, तुमच्याबद्दल नाही. त्यात "अमुक औषध चालू असेल तर" असं लिहिलेलं असतं, पण ते तुम्हाला चालू आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच माहीत असायला लागतं. मावशीला म्हटलं रोजच्या गोळ्यांचा डबा आण आणि पट्टीवरची बारीक अक्षरातली नावं वाच, मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नको. चिठ्ठी अशी झाली:

वय ६४, वजन ४२ किलो. बीपीची एकच गोळी, पण तिच्या पोटात दोन औषधं, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, हृदयात स्टेंट टाकल्यापासून, सकाळी नाश्त्यानंतर. दमा नाही, अल्सर कधी झालेला नाही, कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही. आणि बरंच खोदून विचारल्यावर, पाठ दुखत होती तेव्हा दिलेल्या डायक्लोफेनॅकच्या उरलेल्या गोळ्या, "दोन दिवसांपासून एकेक घेतेय".

हे शेवटचं वाक्य कुणी आपणहून सांगत नाही. उरलेल्या गोळ्या, हर्बल गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, अंगाला लावायचे जेल, हे लोकांच्या लेखी औषधच नसतं. चिठ्ठीत सगळं लिहा. बाईमाणूस असेल तर प्रेग्नन्सी आहे का, बाळाला अंगावर पाजतेय का तेही. आणि किडनीचा, लिव्हरचा, हार्टचा काही जुना रिपोर्ट असेल तर तोही जवळ ठेवा.

पायरी २: आत नेमकं काय आहे आणि ते कुठल्या घराण्यातलं

कागदावर कॉम्पोझिशन किंवा "यात काय आहे" असा भाग असतो, कधी अगदी सुरुवातीला, कधी अगदी शेवटी. तो आधी शोधायचा. इथे दोन गोष्टी बघायच्या, औषधाचं मूळ नाव आणि एका गोळीत किती मिलिग्रॅम. काही दुखण्याच्या गोळ्यांमध्ये आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही घातलेलं असतं, मग दोन्हींचे नियम लागू होतात. मावशीच्या पाकिटात नुसतं आयबुप्रोफेन होतं.

मग त्याचं घराणं. पहिल्या एक-दोन परिच्छेदातच लिहिलेलं असतं की हे औषध एनएसएआयडी गटातलं आहे, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, सूज आणि दुखणं कमी करणारं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच येतो. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन हे सगळे याच घराण्यातले. आणि कागदात इंटरॲक्शनच्या भागात स्पष्ट असतं की इतर एनएसएआयडीबरोबर घेऊ नका. म्हणजे मावशी दोन दिवस डायक्लोफेनॅक घेत होती आणि वर आयबुप्रोफेन घेणार होती, दोन वेगळी पाकिटं, दोन वेगळे रंग, आणि काम एकच. अशा दोन गोळ्यांनी दुखणं काही दुप्पट थांबत नाही, पण पोटात रक्तस्राव व्हायचा धोका मात्र नक्की वाढतो. पहिली गोष्ट तिथेच ठरली, डायक्लोफेनॅक बंद.

पायरी ३: "घेऊ नका" आणि "आधी विचारा" यातला फरक

कागदात इशारे दोन पायऱ्यांवर असतात आणि लोक ते एकाच मापाने मोजतात. "घेऊ नका" म्हणजेच कॉन्ट्राइंडिकेशन्स, तिथे तुमचं नाव निघालं की विषय संपला, गोळी पाकिटात परत. आयबुप्रोफेनच्या बाबतीत त्या यादीत साधारण हे असतं: आधी ॲस्पिरिन किंवा अशाच गोळीने दम लागला असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव आत्ता आहे किंवा पूर्वी वारंवार झालाय, हार्ट, किडनी किंवा लिव्हर खूपच खराब आहे, प्रेग्नन्सीचे शेवटचे तीन महिने. बऱ्याच कागदांत प्रेग्नन्सीच्या विसाव्या आठवड्यापासूनच टाळा असं लिहिलेलं असतं, कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं.

"आधी डॉक्टरांना विचारा" किंवा वॉर्निंग्ज अँड प्रिकॉशन्स ही दुसरी पायरी. इथे नाव निघालं म्हणजे बंदी नाही, पण स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. मावशी पहिल्या यादीत कुठेच नव्हती आणि ते ऐकून तिला इतका आनंद झाला की ती पाणी आणायला उठली. मी म्हटलं थांब, दुसऱ्या यादीत तू चार ठिकाणी आहेस. वय जास्त, बीपी, हृदयाचा आजार, आणि चालू असलेल्या गोळ्या.

पायरी ४: इंटरॲक्शन, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

हा भाग वाचायला अवघड एवढ्यासाठी जातो की कागदात तुमच्या गोळीचं नाव नसतं, गटाचं नाव असतं. आयबुप्रोफेनच्या कागदात लिहिलंय "एसीई इनहिबिटर्स, अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर्स, डाययुरेटिक्स". आता मावशीला काय माहीत ती यातलं काय घेते. तिच्या लेखी ती बीपीची गोळी, बास. म्हणून दोन कागद शेजारी ठेवायचे, नव्या गोळीचा आणि रोजच्या गोळीचा, आणि रोजच्या गोळीच्या कागदात पहिल्या परिच्छेदात तिचा गट काय लिहिलाय ते बघायचं, मग तो शब्द नव्या कागदात शोधायचा. रोजच्या गोळीचा कागद नसेल तर नावाच्या शेपटीवरून बराच अंदाज येतो. शेवटी "सार्टन" असेल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर. शेवटी "प्रिल" असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, तर एसीई इनहिबिटर. हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड हे डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ बाहेर काढणारे.

मावशीच्या एका बीपीच्या गोळीत सार्टनही होतं आणि डाययुरेटिकही. त्यात आयबुप्रोफेन पडलं की तिघं मिळून किडनीला कसं अडचणीत आणतात ते समजून घ्या, कागदावर याबद्दल जेमतेम एक ओळ असते. किडनी म्हणजे गाळणी, आणि गाळणीतून रक्त गाळलं जायला मागून दाब लागतो. रक्त आत आणणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम शरीरातली काही द्रव्यं करतात, ती द्रव्यं आयबुप्रोफेन कमी करतं, म्हणजे आत येणारी धार बारीक होते. सार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं, म्हणजे निचरा मोठा होतो. आणि डाययुरेटिक मुळात टाकीतलं पाणीच कमी करतं. एरवी यातलं एकेक किडनी सांभाळून घेते, तिन्ही एकदम झालं की गाळणीतला दाब पडतो आणि किडनीचं काम काही दिवसांतच मंदावू शकतं. त्यात जुलाब किंवा उलट्या लागल्या, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं, की आणखी वाईट. शिवाय आयबुप्रोफेन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं म्हणून बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो, माणूस गोळी रोज घेतोय आणि बीपी मात्र वर.

दुसरं ॲस्पिरिन. कागदात एवढंच असतं की आयबुप्रोफेनमुळे कमी डोसच्या ॲस्पिरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. मावशी म्हणाली, "दोन्ही दुखण्याच्याच गोळ्या ना, मग काय बिघडतं?" बिघडतं असं की ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन ती दुखण्यासाठी घेत नाही, रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून घेते. ॲस्पिरिन प्लेटलेटमध्ये एका ठरावीक जागी बसून ती कायमची बंद करतं. आयबुप्रोफेन आधी येऊन तीच जागा अडवून बसलं तर ॲस्पिरिनला बसायला जागाच मिळत नाही, थोड्या वेळाने ते शरीराबाहेर जातं, आणि आयबुप्रोफेन पुढे काही तासांत उठून गेलं की प्लेटलेट पुन्हा मोकळी. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएच्या सूचनेत साध्या ॲस्पिरिनसाठी वेळेचं अंतर दिलेलं आहे: आयबुप्रोफेन घ्यायचंच असेल तर ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी. हे कोटिंग नसलेल्या ॲस्पिरिनचं झालं, पोटाला त्रास नको म्हणून कोटिंग केलेली गोळी असेल तर हा हिशोब लागू पडेलच असं नाही. आणि अंतर ठेवलं तरी दोन्ही मिळून पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वाढतोच, त्यामुळे स्टेंटवाल्या माणसाने हे घड्याळ लावून आपलं आपण करायचं नसतं.

अजून ज्या नावांवर थांबायचं ती थोडक्यात. वॉरफरिन किंवा कुठलीही रक्त पातळ करणारी गोळी, डिप्रेशनसाठीच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, स्टेरॉइड, हे सगळे रक्तस्रावाच्या बाजूने. लिथियम आणि मेथोट्रेक्सेट वेगळ्या कारणाने, आयबुप्रोफेनमुळे ही दोन औषधं शरीरात साचू शकतात आणि त्यांची मात्रा विषारी होऊ शकते. यातलं काहीही चिठ्ठीत असेल तर गोळी बाजूला आणि फोन डॉक्टरांना.

पायरी ५: डोस वाचताना चार आकडे शोधा

मावशीने खरं तर इथेच थांबायचं होतं, पण कागद कसा वाचायचा हे चाललंय म्हणून पुढे. डोसच्या भागात चार आकडे असतात: एका वेळी किती, किती तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त किती, आणि एकूण किती दिवस. लोक पहिले दोन वाचतात, शेवटचे दोन सोडतात.

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायच्या आयबुप्रोफेनवर मोठ्या माणसासाठी साधारण असं असतं की एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदापर्यंत, आणि २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. ४०० ची गोळी असेल तर तीन गोळ्यांत मर्यादा संपली. दोन डोसमध्ये किमान चार तास, आणि बऱ्याच कागदांत ४०० साठी सहा तास लिहिलेलं असतं, तुमच्या कागदावर जे असेल ते पाळा. डॉक्टर कधी याहून जास्त डोस देतात, पण तो त्यांनी पेशंट तपासून दिलेला असतो.

आता २४ तास म्हणजे काय, इथे भलेभले चुकतात. समजा गोळी सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री आठला घेतली, झाले १२००. रात्री दोनला पुन्हा कळ आली आणि वाटलं की बारा वाजून गेले, नवा दिवस सुरू झाला, अजून एक घ्यायला हरकत नाही. हरकत आहे. मागचे २४ तास मोजायचे, तारीख बघायची नाही. रात्री दोनपासून मागे मोजलं तर चार गोळ्या, १६०० मिलिग्रॅम. पुढची गोळी सकाळी आठ वाजल्याशिवाय नाही.

किती दिवस, हा आकडा कागदागणिक बदलतो, तापासाठी तीन दिवस आणि दुखण्यासाठी कुठे चार-पाच, कुठे दहा दिवस असं काहीतरी असतं. तेवढ्यात बरं वाटलं नाही तर गोळी वाढवायची नाही, दाखवायला जायचं.

"जेवणानंतर घ्या" याचाही अर्थ नीट घ्या. पोटात अन्न असेल तर जळजळ, मळमळ कमी होते हे खरं, पण अल्सरपासून पूर्ण संरक्षण मिळतं असं समजू नका. गोळी रक्तात जाऊन पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही कमी करते, त्यामुळे भरपेट जेवून घेतली तरी हा धोका उरतोच. "मी नेहमी जेवूनच घेते" हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकते.

आणि एक बारीक गोष्ट, गोळीच्या नावापुढे एसआर किंवा ईआर अशी अक्षरं असतील तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, ती तोडायची, चावायची, कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, हे तर प्रत्येक कागदावर असतंच.

पायरी ६: साइड इफेक्टची यादी न घाबरता वाचायची

मावशी घाबरली ती याच भागाला. तिने वाचलं "कॉमन" आणि तिला वाटलं म्हणजे हे होणारच. या शब्दांना ठरलेली मापं आहेत. खूप कॉमन म्हणजे दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना. कॉमन म्हणजे शंभरातल्या एक ते दहा जणांना, म्हणजे किमान नव्वद जणांना काही होत नाही. अनकॉमन हजारातल्या एक ते दहा जणांना. रेअर दहा हजारांतल्या एक ते दहा जणांना. व्हेरी रेअर त्याहूनही कमी. आणि "फ्रीक्वेन्सी नॉट नोन" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ घडल्याच्या नोंदी आहेत पण किती जणांत ते मोजता आलेलं नाही, त्याचा अर्थ दुर्मिळ असा घ्यायचा नाही.

म्हणून यादी दोनदा वाचायची. एकदा किती वेळा होतं या नजरेने, त्यात आयबुप्रोफेनची जळजळ, मळमळ, पोटदुखी वर असतात आणि बहुतेक वेळा गोळी थांबवली की थांबतात. दुसऱ्यांदा किती गंभीर आहे या नजरेने, आणि तिथे दुर्मिळ गोष्टी पुढे येतात. कॉमन म्हणजे गंभीर नव्हे आणि रेअर म्हणजे किरकोळ नव्हे.

पायरी ७: कुठल्या खुणा दिसल्या की गोळी बंद आणि दवाखाना

हा भाग कागदात बहुतेक वेळा ठळक अक्षरात किंवा चौकटीत असतो. मी मावशीला हे एकेक समजावून सांगितलं कारण कागदातले शब्द वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही.

"काळी शी". पोटात वर कुठे रक्तस्राव झाला की ते रक्त पचत पचत खाली येतं, लाल राहत नाही, डांबरासारखं काळं, चिकट, चकचकीत आणि फार घाण वास असलेलं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते पण ती अशी चिकट आणि त्या वासाची नसते. शंका असेल तर रक्तस्राव समजूनच वागा. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी कण दिसले तर तेही रक्तच. आणि पोट दुखलं तर कळेलच असं धरून बसू नका, गोळीच दुखणं दाबणारी आहे, या गोळ्यांचा अल्सर कित्येकदा न दुखता थेट रक्त घेऊनच समोर येतो. चक्कर, एकदम थकवा, घाम, चेहरा पांढराफटक, ही त्याची दुसरी बाजू.

"ॲलर्जी". ओठ, डोळे, जीभ सुजणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज, श्वास लागणं, हे गोळी घेतल्यावर बहुतेक थोड्या वेळातच होतं आणि यात थांबून बघायचं नसतं, लगेच ॲम्ब्युलन्स. अंगावर पुरळ आणि जोडीला ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणं, हे काही दिवसांनीही येऊ शकतं, फार दुर्मिळ आहे पण जिवावरचं आहे.

"किडनी". लघवी कमी होणं, घोट्यांवर सूज, दोन-तीन दिवसांत वजन वाढणं, धाप लागणं. गोम अशी की किडनीचं काम बिघडायला लागलं तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, ते रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीतच कळतं. म्हणून चिठ्ठीत सार्टन किंवा प्रिल आणि डाययुरेटिक असेल तर खुणांची वाट बघणं हा काही उपाय नव्हे.

छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं, हेही याच यादीत असतं, कारण या गटातल्या गोळ्यांनी हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोका थोडा वाढतो, जास्त डोस आणि जास्त दिवस असतील तर अधिक.

मावशीचं पुढे काय झालं

तिने त्या रात्री गोळी घेतली नाही, गुडघ्याला शेक घेऊन झोपली, आणि सकाळी डॉक्टरांना फोन लावला. मी तिला सांगितलं होतं की "दुखण्याची गोळी घेऊ का" असं विचारू नकोस, चिठ्ठी वाच. तिने वाचली, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड, ॲस्पिरिन, दोन दिवस डायक्लोफेनॅक. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद ठेवायला सांगितलं, क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, ते ठीक आलं, आणि पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदापर्यंत दिलं.

मग पॅरासिटामॉलचा कागद. आठवड्याभराने तिला सर्दी झाली आणि तिने सर्दीची गोळी आणली, दिवसातून तीन. या वेळी तिनेच फोन केला, "अगं हिच्यात पण पॅरासिटामॉल लिहिलंय, ५००." हिशोब बघा: ६५० गुणिले तीन १९५०, ५०० गुणिले तीन १५००, एकूण ३४५० मिलिग्रॅम. कागदावर मोठ्या माणसाची २४ तासांची मर्यादा ४००० लिहिलेली, म्हणजे कागदाप्रमाणे बसतंय. पण त्याच कागदात खाली आहे की वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डोस कमी करायला लागतो, आणि मावशी ४२ किलोची. पॅरासिटामॉलचा जास्त डोस झाला तर पहिल्या दिवशी फारसं काहीच जाणवत नाही, थोडी मळमळ, बास, आणि लिव्हर बिघडल्याच्या खुणा दोन-तीन दिवसांनी दिसतात, म्हणून डोस जास्त झालाय असं कळलं तर बरं वाटत असलं तरी त्याच वेळी दवाखान्यात जायचं. मावशीची सर्दीची गोळी पाकिटातच राहिली, नाकासाठी तिने वाफ घेतली.

पट्टी कापून सुट्या गोळ्या घेतल्या तर कागद मिळतच नाही. तेव्हा पट्टीवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम बघून घ्या, कापताना नेमका नावाचा आणि एक्स्पायरीचा तुकडाच दुकानदाराकडे राहून जातो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या डेलीमेड साइटवर मूळ नाव टाकलं की पूर्ण कागद फुकट वाचायला मिळतो, फक्त देशादेशाप्रमाणे डोस आणि दिवसांचे आकडे थोडे वेगळे असू शकतात. पाकिटातला कागद मिळाला तर त्याच्या तळाशी शेवटचा बदल कधी झाला ती तारीख असते, रोजच्या गोळीचं नवं पाकीट आणलं की तेवढी बघा, बदलली असेल तर इंटरॲक्शनचा भाग परत वाचा. आणि अक्षरं बारीक असतील तर फोनने फोटो काढून मोठे करा, मावशी आता तेच करते, आणि तिच्या डब्याच्या झाकणाला आतून तिची ती चिठ्ठी चिकटवलेली आहे, खाली लाल पेनने "आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, आधी विचारणे".